खाणीतल्या पाण्याचा रिपोर्ट: 'सरासरी ४.०, मत्स्यपालनास योग्य'. पिंजरे कितीवर सोडू?

खाणकरी | २२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सोलापूरपासून अर्ध्या तासावर एक बंद पडलेली दगडाची खाण भाड्यानं घेतलीय. पाणी बारमाही, खोली साडेतेरा मीटर, चारी बाजूंनी उभा काळा दगड. पाण्याच्या वर अजून दोन-अडीच पुरुष भिंत आहे. त्यात चिलापीचे आठ पिंजरे लावलेत, सध्या जाळी चार मीटर खोल आहे. मासा तीनशे ग्रॅमच्या पुढं गेलाय.

बँकेला कागद लागतो म्हणून पाण्याचा रिपोर्ट करून घेतला. शेवटी लिहिलंय, 'सरासरी विरघळलेला ऑक्सिजन ४.० मिग्रॅ/लिटर, मत्स्यपालनास योग्य. पिंजऱ्याची खोली ६ मीटरपर्यंत वाढवता येईल.' सहा मीटर केली तर दीडपट मासा बसतो, म्हणून मी खूश. पण रिपोर्टातला तक्ता बघून पोटात गोळा आला. तक्ता ९ ऑक्टोबरचा, दुपारी अडीचचा:

| खोली (मी) | तापमान (°से) | डीओ (मिग्रॅ/लि) | डीओ (%) |
|---|---|---|---|
| ० | ३०.४ | ९.६ | १२८ |
| १ | २९.२ | ९.१ | ११९ |
| २ | २८.६ | ८.० | १०३ |
| ३ | २८.५ | ७.४ | ९५ |
| ४ | २८.४ | ६.९ | ८९ |
| ५ | २८.२ | ६.१ | ७८ |
| ६ | २७.१ | ३.२ | ४० |
| ७ | २५.६ | ०.९ | ११ |
| ८ | २४.७ | ०.३ | ४ |
| ९ | २४.३ | ०.२ | २ |
| १० | २४.१ | ०.२ | २ |
| १२ | २३.९ | ०.२ | २ |
| १३.५ | २३.९ | ०.२ | २ |

खाली काहीच नाही आणि सरासरी योग्य, हे कसं काय? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

---

बोअरवाले_काका | २२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

साडेतेरा मीटर म्हणजे पंचेचाळीस फूट. एवढ्यावर आपल्याकडं पाणी टिकत नाही, तीनशेच्या खाली जा. आणि तापमान काय मोजता, बोअरचं पाणी बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीसच असतं. थंडीत कोमट लागतं, उन्हाळ्यात गार लागतं, पण असतं तेवढंच.

---

खाणकरी | २२ ऑक्टोबर, रात्री १०:२२

काका, बोअर नाही ओ. खाण आहे, उघडी. मासे आहेत.

---

झूलॉजीवाला | २२ ऑक्टोबर, रात्री ११:०५

एमएस्सीला हेच चालू आहे म्हणून लिहितो. तापमान मीटरमागे एक अंशापेक्षा जास्त उतरतं तिथं थर्मोक्लाइन. तुमच्याकडं शून्य ते एक मीटरमध्येच १.२ अंश उतरलंय. म्हणजे वरचा थर जेमतेम एक मीटरचा आणि त्याच्या खाली सगळं तुटलेलं. पिंजरे चार मीटरवर आहेत म्हणजे आत्ताच धोक्यात आहेत. उथळ करा.

---

निवृत्त_गुरुजी | २३ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

एवढं घाबरण्याचं कारण नाही. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं हे आपण शाळेत शिकलो. थंड देशांत पृष्ठभाग ४ अंशावर आला की ते पाणी खाली जातं, खालचं वर येतं आणि सरोवर ढवळलं जातं. सोलापुरात पाणी ४ अंशावर कधी येणार? तेव्हा आपल्याकडं खालचं पाणी वर येतच नाही. तळाला ऑक्सिजन नसेल तर नसू दे, मासे वर आहेत. जाळी पाच मीटरवर ठेवा आणि निर्धास्त राहा.

---

खाणकरी | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

गुरुजी म्हणतात पाच करा, झूलॉजीवाला म्हणतो उथळ करा. रिपोर्ट म्हणतो सहा. मी आता कुणाचं ऐकू?

---

तळठाव | २३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मूळची सोलापूरची, आता नाशकात. धरणांच्या पाण्याचे असेच तक्ते वाचण्यात बरीच वर्षं गेली. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आधी तुमची सरासरी. तेरा आकडे बेरजेला घेतले आणि तेरानं भागलं की ४.०२ येतं. मासेमारीच्या पाण्यासाठी आपल्याकडं डीओची किमान मर्यादा ४ धरतात, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याचं काम झालं. पण वरच्या दहा मीटरांत दर मीटरला नोंद आहे आणि खालच्या साडेतीन मीटरांत दोनच. म्हणजे सरासरीत वरच्या चांगल्या पाण्याला जास्त मतं मिळाली. खाणीच्या भिंती उभ्या आहेत, म्हणजे प्रत्येक मीटरला साधारण सारखंच पाणी. तसं धरून खोलीप्रमाणे वाटणी केली तर सरासरी ३.५ निघते. आणि तीही कामाची नाही, कारण या क्षणी ३.५ चं पाणी तुमच्या खाणीत फक्त सहा मीटरच्या आसपास एका पातळ पापुद्र्यात आहे. त्याच्या वर बरं पाणी आहे, खाली मेलेलं. हा ३.५ आकडा मात्र विसरू नका, तो पुढं लागणार आहे.

आता थर कुठं तुटलाय. झूलॉजीवाल्यानं नियम बरोबर लावला, पण घड्याळ बघितलं नाही. नोंद दुपारी अडीचची, ऑक्टोबर हीटमधली. वरचा एक मीटर तेव्हा उन्हानं तापलेला असतो. तो रात्री उष्णता सोडतो आणि पहाटेपर्यंत खालच्या पाण्यात मिसळून जातो. ही रोजची पातळ साय आहे. खरा दरवाजा पाच ते आठ मीटरच्या मध्ये आहे: २८.२, २७.१, २५.६, २४.७. हा पहाटेही तिथंच असतो. खात्री करायची तर सूर्योदयाआधी परत मोजा. दोन, तीन, चार मीटरचे आकडे जवळपास सारखे आहेत, म्हणजे इथपर्यंत पाणी रात्री रोज ढवळलं जातंय.

म्हणून चार मीटर ठीक. पाच म्हणजे दाराच्या उंबऱ्यावर. सहा मीटरला दुपारी ३.२ आहे, आणि दुपार ही शेवाळाची कमाईची वेळ. पहाटे तिथं काय असेल याचा अंदाज करा.

---

निवृत्त_गुरुजी | २३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मग चार मीटर म्हणजे माझ्यापेक्षा फक्त एक मीटर कमी. खालचं पाणी वर येत नाही हे तर तुम्हाला मान्य आहे?

---

तळठाव | २३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

नाही गुरुजी, तिथंच खरी मेख आहे.

पाणी ४ अंशाला सर्वांत जड, हे बरोबर. पण ढवळलं जायला ४ अंशांची गरज नसते. वरचं पाणी खालच्याइतकं जड झालं की पुरे. तुमच्या शाळेच्या उदाहरणात तळाचं पाणी ४ अंशांचं असतं, म्हणून वरच्याला ४ पर्यंत उतरावं लागतं. इथं तळ २३.९ वर आहे. वरचं पाणी २४ पर्यंत उतरलं की दोघांत फरक उरला नाही. आणि सोलापूरच्या थंडीत उघडं पाणी २४ च्या खाली सहज जातं.

आता तळाला नेमकं २३.९ का, याचाही विचार करा. वर बोअरवाल्या काकांनी सगळ्यांत उपयोगाची गोष्ट सांगितली. भूजल बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस असतं. खाणीच्या तळाशी झरा असता तर तळ तितकाच उबदार दिसला असता. इथं तळ त्याहून थंड आहे. हे पाणी मागच्या हिवाळ्यात वरून गार होऊन खाली गेलेलं आहे आणि तिथंच कोंडलं गेलंय. म्हणजे मागच्या डिसेंबर-जानेवारीत ही खाण एकदा पालटलेली आहे, आणि तक्त्यात त्याची खूण आहे.

---

बोअरवाले_काका | २३ ऑक्टोबर, रात्री ९:००

बघा! आम्ही अडाणी नाही.

---

भीमाकाठ | २३ ऑक्टोबर, रात्री ९:४५

माझं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं, तीन मीटर खोल. गेल्या श्रावणात चार दिवस ढग होते, पाचव्या पहाटे रोहू-कटला सगळे वर तोंड काढून. निम्मे गेले. मला तेव्हा कुणीतरी हेच सांगितलं की तुमचं पाणी पालटलं. म्हणून यांनाही सांगतो, एक एअरेटर घ्या आणि मोकळे व्हा.

---

तळठाव | २३ ऑक्टोबर, रात्री १०:३०

भीमाकाठ, तुमचं दुखणं वेगळं होतं. तीन मीटरचं तळं दुपारी थर धरतं आणि रात्री मोडतं, रोजच. त्यात महिनोन् महिने पाणी कोंडून राहत नाही. ढगाळ दिवसांत शेवाळानं ऑक्सिजन केला नाही, रात्री मात्र शेवाळ, मासे आणि गाळ सगळे तो खात राहिले. पहाटे गंगाजळी संपली. तिथं एअरेटर बरोबर आहे.

खाणीत उलटं आहे. वरचा थर रोज कमावतो, पण आठ मीटरच्या खालच्या पाण्याला गेल्या हिवाळ्यापासून हवा लागलेली नाही. खाद्याचा चुरा, विष्ठा, मेलेलं शेवाळ सगळं तिथं जाऊन कुजतं. आधी ऑक्सिजन संपतो, मग सल्फेट वापरणारे जिवाणू सुरू होतात आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. ९ मीटरपासून खाली सगळीकडं ०.२ लिहिलंय. मीटर कित्येकदा शून्याला ०.२ दाखवतो. ते खरं शून्य आहे का हे सांगायला नाक पुरतं.

---

खाणकरी | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नाकाचं सांगतो ताई. आज पहाटे बाटलीला दगड बांधून दहा मीटरवरचं पाणी काढलं. बूच उघडल्याबरोबर पोरगं पळालं. तसलाच वास.

---

पिपेट | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर नजर गेली. मिग्रॅचा आकडा टक्क्यानं भागून बघा. तीन मीटरला ७.४ भागिले ०.९५ म्हणजे ७.८ च्या आसपास. २८.५ अंशाला पाण्यात मावणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीला तेवढाच असतो. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथं साधारण ७.३ च मावतो. म्हणजे मीटरमध्ये उंची टाकलेलीच नाही.

यातून दोन शक्यता निघतात. मीटर रासायनिक पद्धतीनं ताडून घेतला असेल तर मिग्रॅ बरोबर आहेत आणि टक्के चुकलेत. मग तीन मीटरला ९५ नाही, १०१ टक्के आहेत. पण मीटर ओल्या हवेत शंभरावर लावला असेल तर टक्के बरोबर आणि मिग्रॅच पाच-साडेपाच टक्क्यांनी फुगलेत. तक्त्यावरून यातलं कुठलं हे कळत नाही. रिपोर्टमध्ये कॅलिब्रेशनची ओळ आहे का?

---

खाणकरी | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

सात पानं आहेत, त्यात तीन पानं प्रस्तावना. कॅलिब्रेशन शब्दच नाही. फोन केला तर साहेब साइटवर आहेत म्हणाले.

---

तळठाव | २४ ऑक्टोबर, दुपारी २:३०

पिपेट, छान पकडलंत. मात्र पाच टक्क्यांनी खाणकरींचा निर्णय बदलत नाही. ६.९ असो की ६.५, चार मीटरला मासा जगेल. आणि ०.२ चं काहीही केलं तरी ते शून्यच.

अजून एक. मीटर वर-खाली करताना प्रत्येक खोलीवर थांबलेत का? पडद्याच्या जुन्या सेन्सरला आकडा बसायला एखादं मिनिट लागतं. घाईनं खाली सोडत गेलं की वरचाच आकडा खाली ओढला जातो. मग ५ मीटरचे ६.१ खरं तर कमी असू शकतात. त्यात असल्या सेन्सरला कुजक्या अंड्याचा वायू बाधतो, म्हणजे तळाला जाऊन आलेला मीटर पुढच्या ठिकाणी खोटं बोलतो.

---

झूलॉजीवाला | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

घड्याळाचं चुकलं, मान्य. पण एक शंका. वर २८.४ आणि खाली २३.९, फरक साडेचार अंश. पुस्तकातल्या थंड सरोवरांत वर २० आणि खाली ५ असे आकडे असतात. त्या मानानं हा फरक किरकोळ नाही का? मग हे थर मजबूत कसे?

---

तळठाव | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४५

हा प्रश्न मला आवडला. उष्ण पाण्यात एक अंश महाग असतो.

एक हजार लिटर पाणी घ्या. ४ अंशांवरून ५ वर नेलं तर त्याचं वजन जेमतेम आठ ग्रॅमनं घटतं. तेच २४ वरून २५ वर नेलं तर पाव किलोनं. म्हणून आपल्याकडचे तक्ते वाचताना नुसते अंश मोजायचे नाहीत, वजन मोजायचं. तुमच्या खाणीत २८.४ आणि २३.९ च्या पाण्यात हजार लिटरमागे १.२ किलोचा फरक आहे. थंड देशात तेवढा फरक पडायला तळाला ४ आणि वर १७ अंश लागतात. म्हणजे इथले साडेचार अंश तिथल्या तेरांच्या बरोबरीचे. त्यात वर दोन-अडीच पुरुष भिंत, वारा पाण्याला लागतच नाही. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यावर वारा मैलोन् मैल धावतो, तिथली गणितं इथं लावू नका.

पण याचीच दुसरी बाजूही आहे. थंडीत हे १.२ किलो भराभर कमी होतात. वरचं पाणी २८ वरून २६ वर आलं की निम्मं कुलूप उघडलं.

---

भीमाकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

म्हणून तर म्हणतो, तळाशी ब्लोअरचा पाइप टाका, हवा सोडा. खालचा वास जाईल, सगळं पाणी सारखं होईल. आमच्या ओळखीच्यांनी कोळंबीच्या तळ्यात असंच केलंय.

---

तळठाव | २४ ऑक्टोबर, रात्री ९:००

आत्ता नको. खाणकरी, हे कृपा करून करू नका.

तळाशी हवा सोडली की बुडबुडे खालचं पाणी वर ओढतात. डिसेंबरात जे व्हायचं ते तुम्ही ऑक्टोबरात, एका रात्रीत, भरलेल्या पिंजऱ्यांवर आणाल. हिशेब करून दाखवते.

सगळी खाण एका दमात ढवळली तर डीओ ३.५ होईल. मघाचा तो आकडा. चिलापी काटक आहे, ३.५ ला ती मरत नाही. पण खालच्या पाण्यावर कर्ज आहे. समजा साडेसातपासून तळापर्यंतच्या सहा मीटरांत वासाचा वायू, म्हणजे सल्फाइड, लिटरमागे २ मिग्रॅ आहे. मोजलेलं नाही, नुसतं धरून चालू. ते साडेतेरा मीटरांत पसरलं की ०.९ होतं. एक मिग्रॅ सल्फाइडचं पूर्ण सल्फेट व्हायला दोन मिग्रॅ ऑक्सिजन लागतो. म्हणजे १.८ तिथं गेले. उरले १.७. आणि ३.५ ही दुपारची श्रीमंती आहे. पहाटे वरचा थर त्याहून गरीब असतो. शिवाय ते कर्ज फिटेपर्यंत सल्फाइड स्वतः विष आहे, ऑक्सिजन किती उरला हा प्रश्न नंतरचा.

२ ऐवजी अर्धा मिग्रॅ असेल तर मासा वाचेल. ४ असेल तर काहीच उरत नाही. सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे आणि रिपोर्टात तो नाही.

---

पिपेट | २४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सल्फाइड मोजायचं असेल तर साध्या बाटलीत पाणी आणून देऊ नका, वाटेतच उडून जातं. बाटलीत आधी झिंक ॲसिटेट घालून ठेवावं लागतं, ते सल्फाइड धरून ठेवतं. आणि बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा नको. जिथं देणार तिथूनच तयार बाटल्या मागून घ्या.

---

निवृत्त_गुरुजी | २५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

तळठाव यांचं वजनाचं गणित काल रात्री वहीत करून पाहिलं. बरोबर आहे. ४ अंशाचा नियम मी छत्तीस वर्षं शिकवला आणि तो सोलापूरच्या विहिरीला लागत नाही हे एकदाही मनात आलं नाही.

तरी एक विचारतो. थंडी काही एका रात्रीत येत नाही. हळूहळूच पाणी गार होणार ना? मग एका दमात ढवळण्याचं भय कशाला?

---

तळठाव | २५ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

योग्य प्रश्न, आणि बहुतेक वर्षी होतंही तसंच. वरचा थर दर रात्री थोडा गार होतो आणि दार खाली सरकवत नेतो. आज सहा मीटरवर, महिन्यानं आठवर, मग दहावर. दर वेळी खालच्या घाण पाण्याचा एकेक चमचा वर येतो आणि त्याचं कर्ज दिवसा फिटत जातं. असं झालं तर तुम्हाला कळणारही नाही.

भय शेवटच्या टप्प्याचं आहे. फरक एक अंशाच्या आत आला आणि तेव्हा दोन दिवस ढग, वर गार पाऊस किंवा जोराचं वारं आलं, तर उरलेले चार-पाच मीटर एकदम येतात. म्हणून लक्ष ठेवायचं ते तापमानावर. डीओ मीटर नसला तरी चालेल. दोन लिटरची बाटली, तळाला दगड, बुचाला वेगळी दोरी. एक मीटरला आणि दहा मीटरला पहाटे भरून घ्या. पाण्याखाली दोन मिनिटं राहू द्या, म्हणजे बाटलीही त्या तापमानाला येते. वर आणल्याबरोबर आत थर्मामीटर घाला आणि दोन्हींची वजाबाकी लिहा. दर तीन दिवसांनी.

फरक दोन अंशांच्या खाली गेला की विकण्याजोगा मासा काढायला लागा. एकच्या खाली गेला की खाद्य बंद, कारण पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. पृष्ठभागावरचे एअरेटर तयार ठेवा, रात्री चालवा. ते वरचं पाणीच फिरवतात, तळाला हात लावत नाहीत.

---

भीमाकाठ | २५ ऑक्टोबर, दुपारी १:००

मासा अर्धा काढा म्हणणं सोपं आहे. डिसेंबरात व्यापारी भाव पाडतो. ४०० ग्रॅमचा मासा आणि ६०० ग्रॅमचा मासा, किलोमागे किती फरक पडतो ते खाणकरींना विचारा.

---

खाणकरी | २५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पडतो की ओ. पण मेलेल्या माशाला भावच नसतो. बाटली तयार करतो.

---

खाणकरी | २५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. वहीतल्या पहाटेच्या नोंदी देतो. आधी एक मीटर, मग दहा मीटर.

२८ ऑक्टोबर: २८.०, २४.१
१२ नोव्हेंबर: २६.८, २४.२
२४ नोव्हेंबर: २५.६, २४.२

ताई म्हणाल्या तसं चार पिंजऱ्यातला मोठा मासा काढायला घेतलाय. भाव पडलाच, भीमाकाठ खरं बोलले. सल्फाइडच्या बाटल्या मागितल्या तर 'आम्ही हे करत नाही' असं उत्तर आलं. दुसरीकडं विचारतोय.

झूलॉजीवाला परवा कॉलेजचा मीटर घेऊन आला होता. पहाटे मोजलं. सात मीटरला ३.८ आला, ऑक्टोबरात तिथं ०.९ होता. आणि वरच्या मीटरात कसलीच पायरी नव्हती, पृष्ठभाग ते चार मीटर सगळं २५.६ ते २५.७.

---

झूलॉजीवाला | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

हो. साय पहाटे नसते, डोळ्यांनी बघितलं. दार आता साडेआठच्या आसपास आहे. खाली अजून वास आहेच, पण थर पातळ झालाय. नऊच्या खालीच मीटरनं शून्य दाखवलं.

---

तळठाव | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

चांगलं चाललंय. ऑक्टोबरात सहा मीटर घाण पाणी होतं, आता साडेचार उरलंय, आणि वर गेलेल्याचं कर्ज फिटलंय. फरक १.४. आता रोज मोजा.

---

खाणकरी | ७ डिसेंबर, सकाळी ११:५०

झालं. १ तारखेला फरक ०.५ होता, २४.७ आणि २४.२. खाद्य बंद केलं होतं. ३ आणि ४ ला ढग, दुपारभर गार वारं, भिंत असूनही पाण्यावर लाटा. ५ तारखेला पहाटे बघतो तर खाणीचा रंगच बदललेला. हिरवं पाणी काळपट करडं, आणि दरवाजातूनच वास. दोन्ही एअरेटर रात्रभर चालू होते. मासा वर तोंड काढून होता, सगळ्या पिंजऱ्यांत. दुपारी बाराच्या पुढं हळूहळू खाली गेला.

मेला तो एका पिंजऱ्यातला, कोपऱ्यातला, जिथं एअरेटरचं पाणी पोचत नाही. त्यातनं मोठा मासाही काढला नव्हता, दाटी होती. साधारण पाव पिंजरा गेला. बाकी सातांत तुरळक. आज दहा मीटरचं पाणी काढलं, २३.८. एक मीटरचंही २३.८. वास जवळपास गेला.

---

निवृत्त_गुरुजी | ७ डिसेंबर, दुपारी १२:३०

सात पिंजरे राहिले हे ऐकून बरं वाटलं. मी पाच मीटर करा म्हणालो होतो, ते ऐकलं नाहीत हेही बरं झालं.

---

भीमाकाठ | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

पण कोपऱ्यातला पिंजरा वासानं गेला की दाटीनं, हे कशावरून? दाटी असती तर ऑक्टोबरातही गेला असता.

---

तळठाव | ७ डिसेंबर, दुपारी ३:००

भीमाकाठ, ऑक्टोबरात त्या पिंजऱ्याला ६.९ चं पाणी मिळत होतं, दाटी खपून गेली. ५ तारखेला काय मिळालं ते मोजलेलंच नाही, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की सल्फाइडनं मारलं, हे आता सांगता येणार नाही. त्या पहाटे बाटली भरून झिंक ॲसिटेटमध्ये ठेवली असती तर कळलं असतं.

---

खाणकरी | ७ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

ताई, आता पाणी वरपासून तळापर्यंत सारखं आहे. भीमाकाठचा ब्लोअर आता चालेल का? म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात परत हेच नको.

---

तळठाव | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

आता चालेल. हाच त्याचा महिना. पण फेब्रुवारीत ऊन चढायच्या आधी सुरू व्हायला हवा आणि मग उन्हाळाभर थांबता कामा नये. मे महिन्यात महिनाभर वीज गेली, थर बसला आणि जूनमध्ये तुम्ही बटण दाबलंत, तर ५ डिसेंबर परत येईल, तेही २८ अंशाच्या पाण्यात. तुमच्याकडं लोडशेडिंग किती असतं?

---

खाणकरी | ७ डिसेंबर, रात्री ९:२५

ते विचारू नका ओ.

---

बोअरवाले_काका | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

सोलर पंपवाला ओळखीचा आहे, नंबर व्यनि करतो. ब्लोअर चालतो का त्यावर विचारून घ्या.

---

पिपेट | ७ डिसेंबर, रात्री १०:०५

रात्री नाही चालणार काका. आणि थर मोडायला रात्रीच चालवायचा की दिवसा, तळठाव?